हरवलेली पहिली प्रत

म्हाइंभटांच्या हातचे लीळाचरित्र आज कुठेही नाही. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ म्हणून ज्याचे नाव आपण शाळेत पाठ केले, त्याची पहिली प्रत कोणत्या मठाच्या पेटीत नाही, कोणत्या ग्रंथालयाच्या कपाटात नाही. सातशे वर्षांपूर्वी ती गेली. आज आपण वाचतो ते लीळाचरित्र ती प्रत गेल्यावर माणसांनी आठवून आठवून पुन्हा उभे केलेले आहे. हरवलेल्या वस्तूचे दुःख करायचे, तर ते या वस्तूचे करावे असे मला वाटते. कारण ती गेली कशी, परत आली कशी आणि परत आल्यावर तिला कुलूप का लागले, या तीन प्रश्नांतच महानुभाव पंथाची सगळी थोरवी आहे आणि सगळी वेदनाही.

ही प्रत जन्मली तीही एका वियोगातून. १२७४च्या सुमारास चक्रधरस्वामी शिष्यांना सोडून उत्तरेकडे निघून गेले. पंथ त्यांचे निधन मानत नाही. ते उत्तरापंथे गेले, एवढेच म्हणतो. मागे राहिलेल्यांनी काय करावे? स्वामींनीच सांगून ठेवले होते, की ऋद्धिपुरी गोविंदप्रभूंपाशी जा. ऋद्धिपूर म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर. तिथे स्वामींचे गुरू गुंडम राउळ ऊर्फ गोविंदप्रभू राहत होते. जगाच्या लेखी ते वेडे होते. कुणाच्याही घरात शिरत, चुलीवरचे झाकण उघडून बघत, हवे ते खात. महारामांगांच्या घरी जसे जात तसेच ब्राह्मणाच्याही घरी जात. सोवळ्याओवळ्याची रेघ त्यांना दिसतच नसे, आणि गाव मात्र त्यांना आईबाप म्हणत असे.

त्या गावी नागदेवाचार्य, म्हणजे पंथाचे भटोबास, एकांतात बसून स्वामींच्या एकेक आठवणीचे स्मरण करीत. म्हाइंभटांनी ते पाहिले. म्हाइंभट हे सराळ्याचे विद्वान ब्राह्मण. एके काळी विद्येचा ताठा मिरवत स्वामींशी वाद घालायला गेले होते आणि शिष्य होऊन राहिले होते. कसले स्मरण करता, असे त्यांनी विचारले. उत्तर मिळाले, की स्वामींच्या लीळांचे. मग त्या लिहून ठेवू या, असे म्हाइंभटांच्या मनात आले. भटोबास सांगत गेले आणि म्हाइंभट उतरवीत गेले. पण एका माणसाची आठवण म्हाइंभटांना पुरेशी वाटली नाही. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते, त्यांच्या दारी ते स्वतः गेले. हे कुठे घडले, तेव्हा जवळ कोण होते, स्वामी बसले होते की उभे होते, नेमके काय बोलले, असे विचारत गेले. दोघांच्या सांगण्यात फरक पडला, तर तोही नोंदला. सुमारे १२७८ साली, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या आधी बारा वर्षे, हे काम उभे राहिले. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे त्याचे तीन भाग. एकांकात स्वामींच्या एकट्याच्या भटकंतीचे दिवस आहेत आणि पुढच्या दोन भागांत शिष्यांच्या सहवासातले.

संतचरित्र म्हणजे ओवीबद्ध स्तुती आणि चमत्कारांची रास, असे आपण समजतो. म्हाइंभटांनी ओवी बाजूला ठेवली. माणसे जशी बोलत होती तसे लिहिले. वाक्ये दोन-चार शब्दांची. कुणी विचारले, स्वामींनी म्हटले, त्याने ऐकले, ते निघाले. स्वामी कुठल्या गावी कुठल्या देवळाच्या कोणत्या बाजूला उतरले, बाइसांनी जेवायला काय वाढले, तेल कुणी लावले, कोण रुसले, कोण रडले, हे सारे त्यात आहे. बाइसा म्हणजे स्वामींची सेवा करणारी वृद्धा. तिचे रागावणेही म्हाइंभटांनी लपवलेले नाही. देवाचे चरित्र लिहिताना घरातली भांडी आणि भांडणे वगळायची नसतात, हे त्यांना कुणी शिकवले असेल?

एक लीळा जवळून पाहू. स्वामी एका झाडाखाली बसले आहेत. शिकारी कुत्री घेऊन एका सशामागे लागले आहेत. ससा पळत पळत येतो आणि स्वामींच्या मांडीखाली शिरतो. शिकारी येऊन उभे राहतात आणि ससा सोडा म्हणतात. हा शरण आला आहे, असे स्वामी सांगतात. शिकारी हट्टाला पेटतात. पैज लागलेली असते, मान जाणार असतो. स्वामी त्यांच्यावर रागावत नाहीत की कसला चमत्कारही करीत नाहीत. ते बोलत राहतात. रानातले गवत खाणाऱ्या, कुणाचे काही न बिघडवणाऱ्या जिवाला का मारता, असे विचारतात. माणसे वरमतात आणि निघून जातात. मग स्वामी गुडघा उचलतात आणि सशाला ‘महात्मा’ म्हणून निरोप देतात. लीळा इथे संपते. लेखक त्यावर एका अक्षराचेही भाष्य करीत नाही. सशाला महात्मा म्हटले, हेच त्याने टिपून ठेवले. वाचणाऱ्याने पुढचे स्वतः समजायचे.

स्वामींचे तत्त्वज्ञान नेमके होते. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ वेगवेगळे आणि नित्य. देवता पुष्कळ आहेत, पण त्या मोक्ष देऊ शकत नाहीत. मोक्ष देणारा परमेश्वर एकच. हे एकदा मान्य केले की नवससायास, व्रतवैकल्ये, ग्रहशांती हे सगळे गळून पडते. त्याबरोबर ते करवून घेणाऱ्या पुरोहिताची गरजही गळून पडते. ज्या यादवराज्यात हेमाद्रीसारखा प्रधान चतुर्वर्गचिंतामणी रचून व्रतांचे आणि दानांचे अफाट भांडार उभे करीत होता, त्याच राज्यात एक माणूस गावोगाव फिरत हे सांगत होता. शिष्यांना त्याने दिलेला आचार साधा होता. अटन करा, एकांतात राहा, भिक्षा मागा, स्मरण करा. भिक्षा चारही वर्णांच्या दारी मागा. आणि जो पात्र हाती धरून चारही वर्णांच्या घरचे अन्न खातो, त्याची जात त्या पात्रातच विरघळते.

बायकांच्या बाबतीत तर स्वामींनी त्या काळाची हद्द ओलांडली. त्यांनी बायकांना संन्यास दिला. त्यांना प्रश्न विचारू दिले आणि त्या प्रश्नांना उत्तरे दिली. पाळीच्या विटाळाबद्दल त्यांचे म्हणणे असे, की शरीराच्या बाकीच्या वाटांनी जसा मळ बाहेर पडतो तसाच हा. नाक वाहिले म्हणून कुणी विटाळ धरीत नाही, मग इथे तो कशाला? तेराव्या शतकात एक संन्यासी हे बोलला आणि एका लेखकाने ते न लाजता लिहून ठेवले. महदाइसा ही या बायकांतली सर्वांत जिज्ञासू. भटोबासांची चुलतबहीण. ती विचारून विचारून स्वामींना भंडावत असे, आणि स्वामींना तिचे विचारणे आवडत असे. पुढे ऋद्धिपुरात गोविंदप्रभूंना लग्नाची लहर आली, तेव्हा हिनेच धवळे रचून म्हटले. मराठीची पहिली कवयित्री म्हणून आपण तिला ओळखतो. लीळाचरित्रातल्या कितीतरी आठवणी तिच्या तोंडच्या आहेत.

या सगळ्या बायकांसाठी मराठी होती. स्मृतिस्थळ या ग्रंथात याचा एक प्रसंग आहे. केशिराजबास हे पंथातले मोठे पंडित. स्वामींची वचने वेचून त्यांनी सूत्रपाठ सिद्ध केला आणि स्वामींनी दिलेले ११४ दृष्टांत एकत्र करून दृष्टांतपाठ रचला. हत्ती चाचपणाऱ्या जन्मांधांची गोष्ट या पाठात आहे. केशिराजांना संस्कृतात लिहावेसे वाटले. भटोबासांनी त्यांना थांबवले. संस्कृतात लिहिलेत तर माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, त्यांच्या हातचे जाईल, अशा अर्थाचे ते बोलले. दुसऱ्या एका वेळी कुणी संस्कृतातून प्रश्न विचारले, तर आम्हाला स्वामींनी मराठीत सांगितले आहे, मराठीतच विचारा, असे त्यांनी सांगितले. एका पंथाच्या आचार्याने आपल्या ग्रंथांची भाषा पंडितांकडे पाहून ठरवली नाही. दारात बसून ऐकणाऱ्या म्हातारीकडे पाहून ठरवली. मराठी गद्याचा पाया त्या म्हातारीच्या हक्कावर घातलेला आहे.

मग देवगिरीवर दिल्लीच्या फौजा येऊ लागल्या. १२९६मध्ये अलाउद्दीन खलजीची पहिली स्वारी झाली, पुढे मलिक काफूर आला, आणि १३१८पर्यंत यादवांचे राज्य संपले. त्या धामधुमीत, भटोबासांच्या मागे, पंथाच्या ग्रंथांची पहिली प्रत नाहीशी झाली. कुणी पाने जाळली की कापडासाठी गाठोडे पळवून पाने रानात फेकली, याने फरक पडत नाही. म्हाइंभटांनी दारोदार फिरून जमवलेले एका दिवसात गेले.

आणि इथेच महानुभावांच्या इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्ट घडली. ज्यांना लीळा पाठ होत्या, ते एकत्र आले आणि म्हणू लागले. परशरामबास होते, रामेश्वरबास होते आणि हिराइसा होती. आज लीळाचरित्राचे वेगवेगळे पाठ सांगितले जातात. त्यांतल्या एकाला हिराइसापाठ म्हणतात. एका बाईच्या स्मरणशक्तीचे नाव एका ग्रंथाच्या पाठाला आहे. ज्या म्हाताऱ्यांसाठी भटोबासांनी मराठी राखली, त्याच बायकांनी ती मराठी राखून परत दिली. संस्कृतात लिहिले असते, तर पंडित पळाले त्या दिवशीच ग्रंथ संपला असता.

पण आठवणींत फरक असतात. एक म्हणे हा शब्द होता, दुसरा म्हणे तो होता. एका पाठात एक लीळा आहे, दुसऱ्यात ती नाही. कुणी काही गाळले, कुणी काही वाढवले. पंथात पुढे शाखा पडल्या, त्यांना आम्नाय म्हणतात, आणि प्रत्येकाने आपला पाठ जपला. पहिल्या प्रतीत नेमके काय होते, हे आता कुणाला कधीच कळणार नाही. अभ्यासक पाठ ताडून पाहतात, जुन्यातला जुना शब्द शोधतात. तरी म्हाइंभटांच्या हातची ओळ आणि हिराइसेच्या स्मृतीतली ओळ यांच्यातले अंतर मोजायला आपल्याजवळ काहीच नाही.

एकदा हरवलेले पुन्हा हरवू नये, या भीतीतून कुलूप आले असावे. चौदाव्या शतकात पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहायला सुरुवात केली. तिला सकळ लिपी म्हणतात, आणि रवळोबासांनी ती सिद्ध केली असे मानतात. सह्याद्रिवर्णन लिहिणारे कवी ते हेच. मागून सुंदरी, अंक, शून्य, सुभद्रा, वज्र अशा आणखी लिप्या झाल्या. मूळ तत्त्व अक्षरांच्या अदलाबदलीचे. नागरीतल्या एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर किंवा एखादी खूण लिहायची. समजण्यापुरते, माझ्या मनाचे एक उदाहरण घेऊ. म लिहायचा तिथे ट, ह लिहायचा तिथे ग, दच्या जागी न, सच्या जागी प, आणि स्वर व काने तसेच ठेवायचे, असा संकेत समजा ठरला. मग ‘महदाइसा’ हे नाव पानावर ‘टगनाइपा’ असे उमटेल. अक्षरे ओळखीची, पण शब्द कुणाच्याच ओळखीचा नाही. परक्याने पोथी उघडली, तर त्याला सुंदर वळणाची निरर्थक ओळ दिसेल. अनुग्रह घेतलेला वाचक मात्र सवयीने ती सरळ मराठीत वाचत जाईल.

अशा संकेताला एक उघड मर्यादा असते. ज्या ग्रंथात तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात, तिथे तो फार काळ टिकत नाही. लीळाचरित्रात जवळजवळ प्रत्येक लीळेत ‘सर्वज्ञें म्हणितलें’, म्हणजे स्वामींनी म्हटले, असे येते. अक्षरांचा तोच घोळका पानोपानी दिसला की चिकाटीच्या माणसाला किल्ली सापडण्यासारखी असते. पण पाचशे वर्षे ती कुणी शोधलीच नाही, कारण पोथी परक्याच्या हाती जातच नव्हती. खरे कुलूप अक्षरांचे नव्हतेच. ते पंथाच्या शपथेचे होते.

ते का घातले, हे मला समजते. पाठ एका अक्षरानेही बदलू नये, निंदकाच्या हाती पडू नये, लुटारूला त्याची किंमत कळू नये. ग्रंथ त्यामुळे वाचले, यात शंका नाही. पण कुलपाची किंमतही मोजावी लागली. जी मराठी म्हातारीसाठी राखली होती, ती पंथाबाहेरच्या सगळ्या म्हाताऱ्यांना बंद झाली. वारकरी कीर्तन चावडीवर चालत होते, महानुभावांचे स्मरण मठाच्या आत. लोकांना जे दिसत नाही, त्याबद्दल लोक वाटेल ते बोलतात. काळी वस्त्रे घालणारे, आपल्या देवांना न मानणारे, काय वाचतात ते न सांगणारे हे लोक कोण? संशय वाढत गेला. करणी कसाबाची, बोलणी मानभावाची, ही म्हण घराघरांत पोचली. ज्याच्या गुरूने सशाला महात्मा म्हटले, त्याच पंथाच्या नावाची जोडी लोकांनी कसाबाशी लावली. १७८२मध्ये पेशवाईत निर्णय झाला, की मानभाव चार वर्णांच्या आणि सहा दर्शनांच्या बाहेरचे आहेत. चार वर्णांची भिक्षा मागणाऱ्यांना चार वर्णांबाहेर काढले गेले. आणि आपली बाजू मांडायला जे ग्रंथ होते, ते कुलपात होते.

याच काळात त्या बंद मराठीने एक अजब प्रवास केला. स्वामींनी शिष्यांना महाराष्ट्रात राहायला सांगितले होते, पण पंथ उत्तरेकडे पसरला. पंजाबात अनुयायी झाले, त्यांना जयकृष्णी म्हणतात. पेशावरला आणि थेट काबूलला मठ झाले. मातृभाषा पंजाबी किंवा पश्तो असलेल्या मुलखात तेराव्या शतकातली मराठी वचने रोज म्हटली जात होती. पुण्यातल्या वाड्यात जी मराठी कुणाला वाचता येत नव्हती, ती काबूलच्या मठात जिभेवर होती.

विसाव्या शतकाच्या आरंभी कुलूप उघडले. वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली, वि. ल. भाव्यांनी या वाङ्मयाची ओळख लोकांना करून दिली, यवतमाळच्या य. खु. देशपांड्यांनी त्याचा पसारा मांडला. आणि काही महंतांनी आपणहून पोथ्या अभ्यासकांपुढे ठेवल्या, हे विसरता कामा नये. शेकडो वर्षांची शपथ मोडणे सोपे नसते. ह. ना. नेन्यांनी लीळाचरित्र छापले, पुढे वि. भि. कोलत्यांचे संपादन १९७८मध्ये आले. मराठीला तिचे बालपणीचे बोलणे परत मिळाले.

तरी सगळे परत आले का? पहिली प्रत आली नाही, ती येणार नाही. त्याहून मोठी गोष्ट दुसरी आहे. संन्यासी चारही दारी भिक्षा मागत राहिले, पण वासनिकांच्या म्हणजे गृहस्थ अनुयायांच्या घरी जात बहुतेक जिथल्या तिथे राहिली. लग्ने जातीत झाली, पंगती जातीच्या राहिल्या. सूत्रे पाठ होती, त्यांचा अर्थ उंबऱ्याबाहेर थांबला. हा दोष एकट्या महानुभावांचा नाही. ज्या ज्या गुरूने महाराष्ट्रात जात नाकारली, त्याच्या नावाची आपण पूजा केली आणि जात ठेवली. पण स्वामींनी पूजा नकोच म्हटले होते, म्हणून त्यांच्या बाबतीत ही हार जास्त लागते. महानुभावांच्या देवळात आजही मूर्तीऐवजी ओटा असतो. स्वामी जिथे बसले, त्या जागेची खूण. तिथे नमस्कार करायचा तो एका माणसाच्या बसण्याला, त्याच्या कुणाशीही बसण्याला.

रिद्धपुरात, जिथे म्हाइंभटांनी लिहिले, तिथे आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. हे चांगले झाले. पण लीळाचरित्र विद्वानांनीच वाचायचे ठरवले, तर नवे कुलूप आपण आपल्याच हाताने घालू. त्याची भाषा पहिल्या दहा पानांत अडते, अकराव्या पानापासून कानाला लागते. म्हणून ते मनात वाचू नका, मोठ्याने वाचा. घरात एखादी आजी असेल, तर तिच्यासमोर वाचा. ग्रंथ लिहिला गेला तो तिच्यासाठी, हरवल्यावर परत आणला तो तिच्यासारखीने, आणि तो ऐकण्याचा पहिला हक्क अजूनही तिचाच आहे.